पाचव्या प्रकरणातला एक परिच्छेद

स्त्रियांच्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरला तिच्या माघारी सगळ्या ‘रोस्टरबाई’ म्हणत. तोंडावर ‘ताई’. कोणी कधी कामावर यायचं, कोणाला दिवसपाळी, कोणाला रात्रपाळी, हे गेली अकरा वर्षं तीच ठरवत आली होती. तक्ता पेन्सिलीने आखायचा आणि खोडरबर खिशात ठेवायचा, ही तिची सवय. खोडरबर क्वचितच बाहेर यायचा.

पन्नाशी ओलांडल्यावर तिने नर्सिंगच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं, तेव्हा नवरा म्हणाला होता, “आता काय मेट्रन होऊन मला इंजेक्शन देणार?” पण तिने नेट लावला. लेखी परीक्षा निघाल्या, राहिला तो प्रबंध. विषय आयताच समोर आला. रुग्णालयाने तिच्या वॉर्डासह दोन वॉर्डांत आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजी बारा तासांच्या दोन पाळ्या तात्पुरत्या सुरू केल्या होत्या. हे परिचारिकांना झेपतं का, याची पाहणी करायचं तिने ठरवलं. परवानगी लगेच मिळाली. अट एकच: सारांशाची एक प्रत कार्यालयाला द्यायची.

प्रश्नावल्या तिने पाळी बदलताना, कपडे बदलायच्या खोलीत वाटल्या. ज्या समोर होत्या त्यांना दिल्या, उभ्याउभ्या भरून घेतल्या, आणि हातोहात गोळा केल्या. एक्केचाळीस जणींनी भरल्या. एकीनेही नकार दिला नाही, याचं तिला फार कौतुक वाटलं. तेहतीस जणींनी ‘बारा तासांची पाळी जमते’ या ओळीपुढे खूण केली होती. म्हणजे ऐंशी टक्के. सारांश तिने त्याच आठवड्यात कार्यालयात नेऊन दिला.

मग पाचव्या प्रकरणात, शेवटाजवळ, अभ्यासाच्या मर्यादा लिहायच्या होत्या. नमुना लहान होता, पाहणी एकाच रुग्णालयात झाली, वेळ अपुरा होता. पुढच्या संशोधकांनी मोठा नमुना घ्यावा. एवढं लिहून ती मोकळी झाली.

मार्गदर्शक बाई तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी ते पान वाचलं आणि तिच्यापुढे सरकवलं.

“सिस्टर, ही वाक्यं माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक प्रबंधात असतात. रुग्णालय काढून शाळा घाला, तरी चालतील. नमुना लहान आहे हे वाचणाऱ्याला आकड्यावरून कळतंच. त्याला कळणार नाही ते लिहायचं असतं.”

“म्हणजे काय, मॅडम?”

“प्रश्नावल्या कोणी वाटल्या?”

“मीच.”

“गोळा?”

“मीच केल्या.”

“आणि त्यांच्या ड्यूट्या कोण लावतं?”

सिस्टरने ते पान पुन्हा स्वतःकडे ओढलं.

“नाव लिहायला नव्हतं सांगितलं मी,” ती म्हणाली.

“पण कागद तुमच्याच हातात द्यायचा होता ना? आणि त्या दिवशी ज्या तिथे नव्हत्या, त्यांचं काय? रजेवरच्या, आजारी, सोडून गेलेल्या?”

तेव्हा तिला लांबडी आठवली.

लांबडी तिच्याच वॉर्डातली, उंचीवरून पडलेलं नाव. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात ती बारा तासांची रात्रपाळी संपवून स्कूटरवरून घरी निघाली आणि वाटेत डोळा लागून दुभाजकावर आदळली. मांडीचं हाड मोडलं. त्याआधी तिने दोनदा पाळी बदलून मागितली होती. दोन्ही वेळा तक्ता तयार होता. प्रश्नावल्या वाटल्या गेल्या त्या वेळी ती त्याच रुग्णालयात, दोन मजले वर, हाडांच्या वॉर्डात पाय टांगून पडली होती. तिला कागद द्यावा असं कोणाच्या मनातही आलं नाही.

“तिची आता भरून घेते,” सिस्टर म्हणाली. “आजच जाते.”

“तसं चालत नाही. उत्तर काय येणार हे माहीत असताना एकच माणूस निवडून जोडायचा, ही पाहणी नव्हे. आकडा आहे तसाच राहील. तो कसा आला, कोण सुटलं, आणि त्यामुळे आकडा कुठल्या बाजूला झुकला असेल, हे सांगणं तेवढं तुमच्या हातात आहे.”

तरी ती हाडांच्या वॉर्डात गेली. लांबडीने उशीला टेकून विचारलं, “ताई, मी त्या दिवशी खाली असते तर काय लिहिलं असतं, ते विचारायला आलात?”

“काय लिहिलं असतंस?”

“जमतं, असंच.” लांबडी हसली, मग पाय ठणकला म्हणून थांबली. “कागद तुमच्या हातात द्यायचा आणि वर पुढची पाळीही तुमच्याकडेच मागायची. मी काय खुळी आहे?”

तो परिच्छेद लिहायला तिला तीन दिवस लागले. टंकून द्यायला बसलेली मुलगी वैतागली. “आई, आठ ओळींना तीन दिवस? बाबांच्या मर्यादा लिहायच्या असत्या तर समजलं असतं.” आतून नवऱ्याने खोकून हजेरी लावली. ती मात्र हसली नाही. तिने सांगितलं ते असं:

‘हा नमुना सोयीने घेतलेला आहे. पाहणीच्या वेळी कामावर हजर असलेल्या परिचारिकाच त्यात आल्या. आजारपणामुळे किंवा अपघातामुळे रजेवर असलेल्या आणि नोकरी सोडलेल्या आल्या नाहीत. त्यांच्यात थकव्याचं प्रमाण अधिक असण्याची शक्यता आहे. प्रश्नावल्या संशोधिकेने स्वतः वाटल्या व गोळा केल्या. उत्तरदात्यांपैकी बहुतेकींच्या पाळ्या तीच ठरवते. त्यामुळे मोकळेपणाने उत्तरं दिली गेली असं मानता येत नाही. या दोन्ही कारणांनी समाधानाचं प्रमाण प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसत असण्याचा संभव आहे. पाळ्यांबाबत कायमचा निर्णय घेण्यासाठी हे निष्कर्ष आधार म्हणून वापरू नयेत.’

मेट्रनने ते वाचून चष्मा काढला. “सिस्टर, स्वतःच्या हाताने स्वतःच्या तोंडाला काळं फासताय. तुमच्या मुली तुम्हाला घाबरतात, हे छापून कशाला सांगायचं?”

“घाबरतात म्हणून, मेट्रन.”

“ते शेवटचं वाक्य तरी काढा. पाळ्या कायम करायच्या का, हा विषय रुग्णालयाच्या समितीपुढे आहे.”

“म्हणूनच ठेवलंय.”

तिने एक शब्दही बदलला नाही. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं आणि म्हणाले, असं स्पष्ट लिहिलेलं क्वचित वाचायला मिळतं. पदवी मिळाली. प्रबंधाची जाड प्रत तिने स्वतः कार्यालयात नेऊन दिली. कारकुनाने ती कपाटावर, आधीच्या प्रतींच्या ढिगात ठेवली.

पुढच्या महिन्यात परिपत्रक निघालं. बारा तासांच्या पाळ्या सर्व वॉर्डांत कायम. ‘आपल्याच रुग्णालयातील पाहणीत ऐंशी टक्के परिचारिकांनी या पद्धतीस अनुकूलता दर्शवली आहे.’

ती तडक मेट्रनकडे गेली. “मी लिहिलं होतं, वापरू नका म्हणून.”

मेट्रनने फाईल उघडून तिच्यापुढे धरली. समितीने वाचला होता तो सारांश. एक पान, तिचीच सही. ‘ऐंशी टक्के’ तिसऱ्या ओळीत होते. मर्यादांचा उल्लेख कुठेच नव्हता. परिच्छेद सुधारताना सारांशही सुधारावा, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. मर्यादा पाचव्या प्रकरणात जातात, एवढंच तिला ठाऊक होतं. मार्गदर्शक बाईंनाही कार्यालयात गेलेल्या त्या पानाची गोष्ट तिने कधी सांगितली नव्हती.

“दुसरा सारांश देते. आज देते.”

“द्या ना. पुढच्या वर्षी आढावा आहे, तेव्हा जोडू,” मेट्रन म्हणाली. तिच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

कपडे बदलायच्या खोलीत परिपत्रक वाचून सगळ्या सह्या करत होत्या. ती आत आली तशी बोलणी थांबली. एकीने पेन पुढे केलं. “ताई, तुम्हीही करा. पाहणी तुमचीच आहे.”

तिने सही केली. मग टेबलाशी बसून पुढच्या महिन्याचा तक्ता आखायला घेतला. लांबडी कुबडीवर का होईना, त्याच महिन्यात रुजू होणार होती. तिला दिवसपाळी लावली, तरी बारा तासांची. पाळ्या तात्पुरत्या होत्या तोवर ती तिसरा रकाना रिकामा का होईना, आखायची; आता दिवसाला दोनच आखायचे होते. काम लवकर आटोपलं.