नेलिदाबाईंचा पिवळा कागद

नेलिदा ब्रुनेंगो या बाईशी माझं कधी पटलं नाही, आणि पटवून घ्यायची मला हौसही नव्हती. बाहिया ब्लांका या बंदराच्या शहरातल्या आमच्या अध्यापक विद्यालयात तिने तीस वर्षं इंग्रजी व्याकरण शिकवलं. मी आधी तिची विद्यार्थिनी, मग सहकारी. पण ती मला शेवटपर्यंत "ए पोरी" म्हणूनच हाक मारायची.

तिचा जीव वाक्यं फिरवण्यात. दार लावलं न लावलं तोच फोन वाजला, असं साधं इंग्रजी वाक्य द्यायचं, खाली 'हार्डली' नाहीतर 'नो सूनर' लिहायचं, आणि मुलांनी त्या शब्दापासून सुरुवात करून तोच अर्थ आणायचा. अशा वेळी 'हॅड' कर्त्याच्या आधी येऊन बसतो. 'नेव्हर'नेही तेच : 'नेव्हर हॅड आय हर्ड सच अ लाय.' इतकं सगळे शिकवतात. नेलिदाबाई मात्र एका पिवळ्या पडलेल्या टंकलिखित कागदावरून तपासायची. तो तिच्या बाई मिस विनिफ्रेड यांनी तिला दिलेला. त्यात आहे ते बरोबर, नाही ते चूक.

रोसिओ माल्दाना पहाटे बेकरीत काम करून वर्गात यायची. एकदा ती भर वर्गात बोलली, "बाई, तुमचा कागद माझ्या आजीपेक्षा म्हातारा आहे. आजी निदान बदलते तरी." वर्ग हसला. त्या दिवसापासून बाईने तिच्यावर दात धरला.

डिसेंबरच्या तोंडावर रोसिओची या परीक्षेची तिसरी आणि शेवटची खेप होती. दहापैकी सहा वाक्यं बरोबर हवीत, नाहीतर अख्खं वर्ष परत. परीक्षकांच्या टेबलावर आम्ही तिघं होतो : नेलिदाबाई अध्यक्ष, मी, आणि तेदेस्को, जो 'माते' नावाच्या कडू चहाची नळी तोंडातून न काढता कुठेही सही करतो. निकालपत्रावर तिन्ही सह्या लागतात.

"पाच," नेलिदाबाई म्हणाली आणि लाल पेनाला टोपण लावलं. "नापास. सही कर, ए पोरी."

मी उत्तरपत्रिका ओढून घेतली. सातव्या वाक्यावर लाल काट होती. रोसिओने लिहिलं होतं, 'हार्डली हॅड शी शट द डोअर बिफोर द फोन रँग.'

"हे बरोबर आहे," मी म्हणाले.

"कागदात 'व्हेन' आहे."

"'हार्डली'नंतर 'व्हेन' चालतं तसं 'बिफोर'ही चालतं. 'दॅन' लिहिलं असतं तर चूक, ते 'नो सूनर'चं. कोणतंही व्याकरण उघडा."

"मला व्याकरण शिकवतेस? तुझं नाक मी पुसलंय!"

"पुसलंत. पण सही मी करणार नाही."

तेदेस्को खाकरला. "बायांनो, बाहेर पोरगी उभी आहे."

"उभी राहू दे!" नेलिदाबाई कडाडली. "एकोणऐंशी साली मीही उभी होते. याच शब्दावर मिस विनिफ्रेडने मला नापास केलं. याच, 'बिफोर'वर! वर्षभर बंदरावर कोळंबी सोलली मी. नखांचा वास जात नव्हता. आणि ही बेकरीवाली मिजासखोर पोरगी उजळ माथ्याने पास होणार? मग माझं वर्ष कुणी खाल्लं, सांग ना!"

मला तिची दया यायला हवी होती. आली नाही. रागच आला.

"तुमचं वर्ष त्या बाईने खाल्लं," मी म्हणाले. "आणि तीस वर्षं तुम्ही तिचंच ताट वाढताय."

ती मला मारेल असं वाटलं. तिने टोपण काढलं, सातव्या वाक्यावरची काट गिरवून गिरवून बुजवली, पाचाचे सहा केले आणि सही ठोकली. मग दार उघडून ओरडली, "माल्दाना! सहा. आभार मानू नकोस."

"कशाला मानू?" रोसिओ उंबऱ्यातूनच म्हणाली. दाराबाहेर तिला सगळं ऐकू आलं होतं. "ते बरोबरच होतं. तुम्हालाच माहीत नव्हतं, बाई."

नेलिदाबाईने टेबलावरचा पिवळा कागद उचलला आणि पर्समध्ये कोंबला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "एकोणऐंशीपासून."