एकाच बसमधली तीन तिकिटं

कंडक्टरमामा समानतेचे इतके कडवे भक्त होते की त्यांच्या घरात केकसुद्धा फूटपट्टी लावून कापला जाई. घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा एक भाड्याचा फ्लॅट. त्यात तिघे राहत. पंचेचाळिशीचे मामा लांब पल्ल्याच्या बसवर कंडक्टर होते, बायको आणि मुलगी गावी होत्या. दुसरा तरुण दंतवैद्य, त्याला सगळे डॉक्टर म्हणत. तिसरा शाळेतला चित्रकलेचा शिक्षक, म्हणजे मास्तर. भाडं, वीज, गॅस, इंटरनेट, भांडी घासणारीचा पगार, सगळ्याचे तीन सारखे भाग. हा कायदा मामांचा, आणि त्याला अपील नव्हतं.

"बसमध्ये चढणाऱ्याला मी विचारतो का, तुझा पगार किती?" मामा म्हणत. "पैसे घ्यायचे, तिकीट द्यायचं, पुढे सरका."

आता गंमत बघा. डॉक्टरची खोली दोनशे फुटांची, तिला स्वतंत्र बाथरूम आणि एसी. मास्तरची एकशेवीस फुटांची, उजेडाची. मामांची ऐंशी फुटांची. मूळची ती अडगळीची खोली होती आणि मामा आत गेल्यावरही तिच्या स्वभावात फारसा फरक पडला नव्हता. खिडकी इतक्या उंचावर, की बाहेर पाऊस आहे की ऊन हे मामांना छत्री घेऊन खाली उतरल्यावरच कळे. पाय लांब केले की समोरच्या भिंतीला लागत. तरी ती त्यांनी आपणहून घेतली होती. "मी काय, झोपण्यापुरता येतो," असं म्हणून.

चोवीस हजार भाडं होतं तोवर आठ-आठ हजारांत भागत होतं. मग घरमालकाने भाडं तीस हजार केलं आणि प्रत्येकाचे दहा झाले. डॉक्टर महिना नव्वद हजार कमवायचा, त्याने मोबाइलवरून नजरही न उचलता मान डोलावली. मास्तरचा पगार साठ, त्याने एक सुस्कारा सोडला. मामांचा पगार तीस. गावी पैसे पाठवून दहा हजार भाडं द्यायचं म्हणजे महिनाभर हवा खाऊन राहायचं, आणि त्या खोलीत तीही पुरेशी नव्हती. मामांनी ठरवलं, हा फ्लॅट सोडायचा आणि डेपोच्या विश्रांतिगृहात वीस घोरणाऱ्यांबरोबर पथारी टाकायची. पण 'परवडत नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

"डेपो जवळ पडतो," एवढंच त्यांनी सांगितलं.

जाणार तर जाणार, पण दोघांवर भुर्दंड नको म्हणून रविवारी सकाळी स्वतःच्या जागी नवा माणूसही घेऊन आले. विमा एजंट. गळ्यात टाय, तोंडावर जिलेबीसारखं गोड हसू. त्याने खोलीत डोकं घातलं. सगळा माणूस एकदम आत मावेल याची बहुधा त्याला खात्री नसावी.

"हिचे किती, साहेब?"

"दहा हजार," मामा म्हणाले.

"आणि ती मोठी?"

"दहा हजार."

एजंटने टाय सैल केला. "मग मी त्या मोठीतच येतो की!"

डॉक्टर तेव्हा नेमका आपल्या खासगी बाथरूममधून गुणगुणत बाहेर आला होता. गाणं घशातच राहिलं. तीन वर्षांत जे कुणी उच्चारलं नव्हतं, ते एका परक्या माणसाने दोन मिनिटांत टेबलावर मांडलं. वर चहा मागितला आणि मजा बघायला खुर्ची ओढून बसला.

"मामा, खरं सांगा," मास्तरने विचारलं, "डेपोचं काय हो? पैशांचा प्रश्न आहे ना?"

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

मामांनी चहाचा कप तोंडाला लावला.

मास्तरने कागद ओढला आणि फ्लॅटचा नकाशा काढला. सवयीने दारात एक मांजरही काढलं. "हे बघा. निम्मं भाडं, पंधरा हजार, खोल्यांचं. ते फुटांप्रमाणे वाटायचं. डॉक्टरचे साडेसात, माझे साडेचार, मामांचे तीन."

"हे चालेल," मामा म्हणाले. "लांब जाणाऱ्याचं तिकीट जास्त. रास्त आहे."

"उरलेले पंधरा हॉल, स्वयंपाकघर, पॅसेजचे. ते पगाराप्रमाणे. नव्वद, साठ, तीस. म्हणजे साडेसात, पाच आणि अडीच."

डॉक्टर उडालाच. "म्हणजे माझे एकूण पंधरा? मी जास्त कमावतो हा गुन्हा आहे का?"

"अजिबात नाही!" मामा त्याच्यापेक्षा जोरात ओरडले. "पोरगा रात्रंदिवस लोकांच्या तोंडात बघून कमावतो, त्याला दंड करता? आणि मला भीक घालता?"

पंचाईत अशी, की ज्याच्यावर बोजा पडणार आणि ज्याचा उतरणार, ते दोघे एकाच बाजूला. एजंटने आणखी एक बिस्कीट घेतलं.

शेवटी मामांचा 'भीक' हा शब्दच डॉक्टरला टोचला. तो म्हणाला, "मामा, तुमच्या बसमध्ये विद्यार्थ्यांना, म्हाताऱ्यांना सवलतीचा पास असतो ना?"

"असतो."

"ती भीक?"

"खबरदार!" मामा उठलेच. "परवा एकाने एका आजीला 'फुकटे' म्हटलं, तर मी बस थांबवली होती. पासवाला ताठ मानेने बसतो माझ्या गाडीत. तो त्याचा हक्क..."

वाक्य तिथेच ब्रेक लागून थांबलं. आपणच आपल्याला पास फाडून दिला, हे त्यांना कळलं.

"पण..." असं म्हणत त्यांनी कागद ओढला आणि स्वतः आकडेमोड केली. डॉक्टर नव्वदातले पंधरा, म्हणजे सहावा हिस्सा. मास्तर साठातले साडेनऊ, सहाव्याहून किंचित कमी. मामा तिसातले साडेपाच, सहाव्याहून किंचित जास्त. त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे पगाराच्या मानाने सगळ्यात जास्त मीच देतोय!"

"हो, मामा."

"मग ठीक आहे. तुम्हां पोरांना तेवढं सांभाळून घेईन."

पुढचं भराभर ठरलं. एसीला वेगळा मीटर, त्याचे युनिट डॉक्टरच्या नावावर, उरलेल्या विजेचे तीन भाग. इंटरनेटचे तीन सारखे, कारण मुलीशी रोज व्हिडिओवर बोलणारे मामा त्यात कुणाला हार जाणारे नव्हते. पास दरवर्षी नवा करावा लागतो, तसे पगार दरवर्षी पुन्हा बघायचे, ही अट मामांनीच घातली. एजंटला नम्रपणे सांगण्यात आलं की जागा भरली. त्याने जाता जाता मास्तरला एक पॉलिसी विकली.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग डॉक्टरने एक दिवस कुणाला न विचारता हॉलमध्ये एक अवाढव्य जांभळा सोफा आणवला. त्यावरून उडी मारल्याशिवाय स्वयंपाकघरात जाता येईना.

"काढ हा," मामा म्हणाले.

"का? हॉलचे सर्वांत जास्त पैसे मी देतो."

"देतोस. तिकीट मोठं काढलंस, ऐसपैस बस," मामा म्हणाले. "पण शेवटच्या सीटवरच्या पासवाल्याने बेल मारली, तरी गाडी थांबते, डॉक्टर. उचल."

सोफ्याचं एक टोक डॉक्टरने धरलं, दुसरं मामांनी. दोनशे फुटांच्या खोलीत तो कसाबसा मावला. त्यावरून उडी मारल्याशिवाय आता डॉक्टरला आपल्या बाथरूममध्ये जाता येत नाही.