सुई नको म्हणणाऱ्या मावशी

हे लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं, की टाळण्यातही तरबेज झालो. नातवंडांना बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी सांगताना आरोग्य केंद्रातला विंचू यायचा, जीपचं बंद पडणं यायचं, मावशी मात्र कधीच यायच्या नाहीत. त्या आल्या असत्या तर मलाही यावं लागलं असतं.

कळंब-येडशी रस्त्यापासून आत असलेल्या एका केंद्रात मी नवाच डॉक्टर होतो. अंगावर कडक इस्त्रीचा कोट, कपाटात एक जाड पुस्तक आणि डोक्यात मी जिल्हा वाचवायला आलोय असा समज. जवळच दुष्काळी काम चालू होतं. बाया-माणसं खडी फोडायची आणि त्या खडीचा रस्ता व्हायचा. त्या कामावर मावशी होत्या. त्यांचं कौतुक म्हणजे कान. एसटी अजून दिसतही नसायची, तोवर त्या हातोडी थांबवून सांगायच्या, "कळंबची हाय. डायवर नवा दिसतुया, गेर खरवडतोय." गाडी यायची ती कळंबचीच. बायका पैजा लावून हरायच्या.

मावशींना खोकला होता. थुंकी तपासली तर क्षय निघाला. केसपेपर लिहिताना मी वय विचारलं.

"रझाकाराच्या वक्ताला माझी धाकटी पदर धरून पळत व्हती. करा आता हिशेब."

"ते राहू द्या, मावशी. वर्षं सांगा."

"वर्षं मोजायला मला काय पगार हाय व्हय?"

रांग लांब होती. मी अठ्ठेचाळीस सालापासूनचा हिशेब केला नाही, "चाळीस" लिहून मोकळा झालो. पन्नाशी कधीच उलटली होती, हे त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं असतं तरी कळलं असतं. त्या जाड पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, चाळिशीपुढे स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनचा डोस कमी करा. मी रोज पूर्ण ग्रॅम द्यायला सांगितलं. सोबत गोळ्या. इंजेक्शनं दोन महिने, गोळ्या पुढे वर्षभर तरी.

महिनाभर मावशी रोज आल्या. खोकला बसला, थुंकीही स्वच्छ आली. मग एक दिवस त्या आल्या, बाकावर बसल्या आणि नर्सबाईंनी सुई उकळून आणली तरी दंड पुढे करेनात.

"गोळ्या द्या, किती बी द्या. सुई नगं."

"का?"

"कानात रातकिडं वरडत्यात. दिसभर. आन चालताना भुई हलती. काल हातोडी दगडावर न मारता माझ्याच अंगठ्यावर बसली."

"उपासमारीनं चक्कर येते, मावशी. पोटभर खा."

"खायला असतं तर खडी फोडली असती व्हय, सायब?"

बाकावरचे सगळे हसले. मीही हसलो, पण आतून चिडलो. कोटाची इस्त्री मोडली होती.

नर्सबाई वयानं माझ्यापेक्षा मोठ्या होत्या आणि अनुभवानं फारच मोठ्या. त्या हळूच म्हणाल्या, "सर, कानाचं म्हणतायत. एकदा इंजेक्शन थांबवून बघायचं का? गोळ्या घेतायतच त्या."

"अर्धवट सोडलं तर रोग उलटेल. त्यांच्या भल्याचंच करतोय ना आपण?"

"भलं त्यांचंच आहे, पण कान पण त्यांचेच आहेत सर," बाई म्हणाल्या आणि सुईचं भांडं झाकून ठेवलं.

त्या दुपारी मी एक चिठ्ठी लिहिली. अक्षर आजही डोळ्यासमोर आहे, फार सुंदर होतं. खडीच्या कामावरच्या मुकादमाला लिहिलं: सदर बाईस क्षय आहे, इंजेक्शनं पूर्ण होईपर्यंत कामावर घेऊ नये, इतरांस लागण होईल. थुंकी स्वच्छ आल्याचा कागद माझ्याच टेबलावर होता. इतरांचं नाव मी फक्त उसनं घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी मावशी हजर. कामावरून परत पाठवलं होतं. त्यांनी दंड पुढे केला. मग सुई टोचत असताना म्हणाल्या, "डाक्तर, तुमी पोलिसात जायचं सोडून हितं कुठं आलात?"

मी तेव्हाही हसलो. उरलेली इंजेक्शनं पूर्ण झाली. माझ्या रजिस्टरमध्ये लाल शाईत एक चांगली ओळ वाढली.

आता गंमत ऐका. त्याच महिन्यात सोसायटीच्या चेअरमनसाहेबांना तोच रोग निघाला. मी त्यांच्या बैठकीत गेलो, चहा घेतला, बशीतली बिस्किटं खाल्ली. ते म्हणाले, "डॉक्टर, रोज टोचून घ्यायला मला जमायचं नाही. मीटिंगा असतात."

"काही हरकत नाही साहेब. नुसत्या गोळ्यांवरही करता येतं. वेळ लागेल थोडा."

"घरी पाठवता ना?"

"स्वतः आणून देतो."

आणि दिल्या. चेअरमन बरे झाले, पुढे अनेक वर्षं माइकशिवाय भाषणं करत राहिले. त्यांनी नाही म्हटलं तेव्हा तो त्यांचा विचार होता; मावशींनी म्हटलं तेव्हा तो हट्ट होता. चेअरमनांबद्दल कुणाला चिठ्ठी लिहायचं माझ्या मनातही आलं नाही.

निवृत्तीनंतर एका वैद्यकीय महाविद्यालयात मला नीतीवर बोलायला बोलावलं. आता या गोष्टींना भारदस्त नावं आहेत: स्वायत्तता, हितकारिता, न्याय. मी फळ्यावर तिन्ही लिहिली. पेशंट नाही म्हणाला तर काय करायचं, असं एकीनं विचारलं. मी म्हणालो, आधी कशाला नाही म्हणतोय ते ऐकायचं. मावशींनी उपचार नाकारलाच नव्हता, एक सुई नाकारली होती आणि कारणही सांगितलं होतं, पुस्तकात छापलेलं कारण: ते इंजेक्शन कान आणि तोल घेऊन जातं. थुंकीत जंतू असते, दुसरं औषध नसतं, तर प्रश्न खरंच अवघड झाला असता. शेजारी खडी फोडणाऱ्यांनाही श्वास आहे. पण माझ्या वाट्याला तो अवघड प्रश्न आलाच नव्हता. सोपा आला होता आणि तो मी चुकवला. हे शेवटचं मुलांना सांगितलं नाही. आभाराचा नारळ घेऊन घरी आलो.

मावशी पुन्हा भेटल्या त्या या व्याख्यानाच्या कितीतरी आधी, दुष्काळानंतर आठ-नऊ वर्षांनी. ढोकीच्या साखर कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर चालले होते, रस्ता डांबरी झाला होता, त्यांच्याच खडीवरून. फाट्यावरच्या निवाऱ्यात त्या बसल्या होत्या. मी शेजारी बसलो. माफीची वाक्यं वर्षानुवर्षं घोळवून गुळगुळीत केलेली होती.

"मावशी, ओळखलंत का?"

त्या समोरच बघत होत्या. मी खांद्याला हात लावला तेव्हा वळल्या, चेहरा उजळला.

"अगं बया! पोलिस डाक्तर!" मग कानावर हात ठेवून मान हलवली. "काय बी ऐकू येत न्हाय बगा. पार गेलं. पर खोकला गेला. तुमी व्हता म्हून जगले."

आजूबाजूला दहा-बारा माणसं होती. माफी मागायची तर ओरडून मागावी लागणार होती. वाचता त्यांना येत नव्हतं. मी तोंड उघडलं, माणसांकडे पाहिलं आणि मिटलं.

तेवढ्यात दूरवर गाडीचा आवाज आला. मावशींना तो कळलाच नाही. लोक उठले तेव्हा कळला. त्यांनी माझी बाही ओढली. "कुठली हाय?"

"कळंबची!" मी फाटा दणाणेल इतक्या जोरात ओरडलो.

त्यांना ते ऐकू गेलं की माझ्या ओठांवरून कळलं, देव जाणे. हसल्या, पिशवी उचलली आणि जमीन चाचपत, माझ्या हाताला धरून गाडीत चढल्या. तेवढ्याच आवाजात "माझं चुकलं" म्हणता आलं असतं. दोनच तर शब्द होते.