निळ्याची रिकामी जागा

मी या क्लबात मार्कर आहे. स्नूकरचे गुण मोजायचे, पॉकेटमधून काढलेला चेंडू त्याच्या जागी ठेवायचा, टेबलावर ब्रश मारायचा, हे माझं काम. फक्त कोपऱ्यातल्या टेबलावर मला हे काम करायला मिळायचं नाही, कारण तिथे टेलर खेळायचे आणि चेंडू त्यांची बायको, आमच्या सगळ्यांची वहिनी, ठेवायची.

वहिनींनी आयुष्यात क्यूची काठी हातात धरली नाही. पण दुपारी शिवणाच्या दुकानातली कात्री खाली ठेवली की दोघं यायची. टेलरांनीच शिवलेली उशी खुर्चीवर टाकून त्या बसायच्या. टेलरांनी रेड, म्हणजे लाल चेंडू, पॉकेटात घातला, गुण एक. मग काळा घातला, सात. रेड आत गेला की गेलाच, पण रेडनंतर घातलेला रंगीत चेंडू दर वेळी परत येतो, शेवटच्या रेडनंतरचासुद्धा. काठीने मारलेला पांढरा थांबायच्या आत वहिनी उठून काळा जागेवर ठेवून मोकळ्या! मी पुढे झालो की म्हणायच्या, "तुम्ही चहा घ्या हो. आमचं आम्ही बघतो."

गुणही त्याच मोजायच्या, मोठ्याने. पिवळा दोन, हिरवा तीन, चॉकलेटी चार, निळा पाच, गुलाबी सहा. एका दमात टेलरांचे शंभर काही होत नव्हते. ऐंशी-नव्वदच्या आसपास कुठेतरी माती खायचेच. मग वहिनी चिडवायच्या, "एकदा शंभर करा बाई, म्हणजे मी घरी बसायला मोकळी." टेलर म्हणायचे, "मग तर मुळीच नाही करत."

वहिनी गेल्या. टेलर एकटेच यायला लागले. खुर्चीवर उशी तशीच. पहिल्या दिवशी मी चेंडू ठेवायला गेलो तर माझ्यावर खेकसले, "हात लावायचा नाही!" मलाही राग आला. म्हटलं, मरा तिकडे. मग प्रत्येक रंगीत चेंडूनंतर ते स्वतः टेबलाला वळसा घालायचे, पॉकेटात हात घालून चेंडू काढायचे, ठेवायचे आणि परत येऊन खेळायचे. तेवढ्यात हात गार पडायचा. विसाच्या पुढे गाडी जाईना. गुण कुणी बोलायचं नाही. मला ती शांतता सहन व्हायची नाही, म्हणून मी उगाच शेजारचं टेबल घासत बसायचो.

त्या दुपारी मात्र काय झालं कोण जाणे. टेबलावर दहा रेड उरले होते. टेलरांनी एक घातला, मग काळा, तो स्वतःच जागेवर ठेवला, पुन्हा रेड, पुन्हा काळा. काळा जमेना तेव्हा निळा, एकदा गुलाबी. मी मनात मोजत होतो आणि ब्रश हातातच राहिला होता. शेवटचा रेड गेला, त्याच्यानंतर निळा गेला. त्र्याहत्तर! आता सहाही रंग ओळीने, लहानापासून मोठ्यापर्यंत, घालायचे. त्यांचे होतात सत्तावीस. बरोब्बर शंभर, एकही सोडून चालणार नव्हता.

पांढरा पिवळ्याच्या मागे सुरेख थांबला होता. टेलर तंद्रीत तसेच वाकले. पिवळा घातला. हिरवा घातला. चॉकलेटी घातला. ब्याऐंशी. मग निळ्यासाठी वाकले आणि वाकलेलेच राहिले.

टेबलाच्या मधोमध निळा नव्हताच. शेवटच्या रेडनंतर गेलेला निळाही परत जागेवर यायला हवा होता. तो अजून पॉकेटातच होता. इतकी वर्षं कुणीतरी ठेवत आलं होतं आणि तंद्रीत त्यांनी ते गृहीतच धरलं होतं. टेलर सावकाश सरळ झाले, खुर्चीकडे बघितलं. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"गेलं सगळं," ते म्हणाले.

"काही गेलेलं नाही," मी ओरडलोच. "चेंडू ठेवायचं काम मार्करचं, खेळणाऱ्याचं नाही. राहून गेला तर लक्षात येईल तेव्हा ठेवायचा आणि खेळ पुढे चालू. नियम आहे. चूक माझी."

"तुझी कशी? मीच तुला हात लावू दिला नाही."

"ते आपण नंतर भांडू. ठेवू का?"

टेलर टेबलापासून एक पाऊल मागे सरले. मग म्हणाले, "ठेव."

मी निळा काढला, फडक्याने पुसला, जागेवर ठेवला. टेलरांनी निळा घातला. सत्याऐंशी. गुलाबी जेमतेम काठाला लागून आत गेला. त्र्याण्णव. काळा सरळ होता, पोरानेही घातला असता. तरी ते कितीदा तरी वाकले आणि उठले. मला वाटलं, मुद्दाम चुकवणार हा माणूस.

नाही चुकवला. काळा पॉकेटात पडल्याचा आवाज झाला आणि टेलर कान देऊन उभे राहिले.

शेवटी मीच बोललो, "शंभर."

आवाज माझा होता, त्याला काय करणार? त्यांनी मान हलवली. क्यू पुसून ठेवला. मी म्हटलं, "थांबा, बोर्डावर नाव लावतो, पेढे मागवतो." त्यांनी ऐकलंच नाही. खुर्चीपाशी गेले, उशी उचलली, झटकली आणि काखेत मारली.

"अहो, उशी राहू दे की! उद्या याल ना?"

"मी येईन," टेलर म्हणाले. "तिला आता घरी बसू दे."