पेजेत पडलेली पाल

घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. घरचं कागदावर मांडतोय, याबद्दल वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी.

आमच्या जोयडा गावातल्या घरी पेजेत पाल पडली. वहिनीनं ती काढून टाकली आणि तीच पेज वाढली. पुतण्याला उलट्या झाल्या. पोर बरं झालं, पण "माझ्या नातवाला इख घातलंस," म्हणत आईनं पोराला ठेवून घेतलं आणि वहिनीला खानापूरकडे माहेरी धाडलं.

मी शास्त्राच्या मास्तरांना भीतभीत विचारलं. ते म्हणाले, घरातल्या पालीला विष नसतं. पण तिच्या घाणीनं अन्न बाधू शकतं, म्हणून ते टाकून द्यावं. मी दादाला तसं लिहिलं. मडकी झाकावीत, खरकटं ठेवू नये, भिंतीच्या भेगा लिंपाव्यात. रॉकेलची चिमणी चुलीपासून लांब ठेवावी, कारण उजेडाला किडे येतात आणि किड्यांमागं पाल.

दोन महिन्यांनी दादाचं पत्र आलं. स्वयंपाकघरात पाली कमी झाल्या होत्या. तो वहिनीला आणायला गेला, तेव्हा ती म्हणाली, "पेज टाकली न्हाई, ही माझी चूक. पण इख घातलं म्हणाल्या, ते त्यांनीच येऊन मागं घ्यावं."

दादानं हा निरोप सांगितल्यावर, पोराला घेऊन आई स्वतः बैलगाडीनं खानापूरला निघाली होती.