बुद्धपौर्णिमेच्या फोटोत नसलेली

मुलांनो, बुद्धपौर्णिमेचा फोटो पाहून तुम्ही विचारलंत, इतका स्वच्छ कसा आला आणि मोठी आजी, म्हणजे माझी मोठी बहीण, कुठे आहे. दोन्हींचं उत्तर एकच आहे.

अकोल्याला जठारपेठेत माझ्या बहिणीच्या घरी आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत, हातात मेणबत्त्या घेऊन वंदनेला उभे होतो. तिचा मुलगा लग्नाचे फोटो काढतो. त्याने फोनची काच रुमालाने पुसली, फोन डब्याला टेकवून ठेवला, टायमर लावला आणि नाइट मोड सुरू केला. काम व्यवस्थित होतं. या मोडमध्ये फोन एक फोटो घेत नाही. काही सेकंदांत बरेच घेतो, एकावर एक जुळवतो आणि त्यांची सरासरी काढतो, म्हणून अंधारात फोटोवर येणारे दाणेदार ठिपके जातात. फोन टेकवलेला असला की प्रत्येक फोटोला वेळही जास्त देतो. जे स्थिर आहे ते उजळतं. जे हलतं ते फराटतं.

बहिणीचे हात कंपवाताने थरथरत. फोटोत तिच्या मेणबत्तीची ज्योत वेडीवाकडी रेघ होऊन आली, चेहरा पुसल्यासारखा. सून म्हणाली, सासूबाईंनी फुलबाजी पेटवली. सगळे हसले. बहीणही हसली.

मी भाच्याला सांगितलं, ट्यूब लाव, नाइट मोड बंद कर, साधे चारपाच फोटो घे. एखाद्यात ती नीट येईल.

"मावशी, ट्यूब लावली तं मेणबत्तीची मजा काय राहिली?" मग आईकडे वळला. "माय, तू हालून राहिली. जरा बाजूले बस."

"तुमच्या नातवाईले पाठवाचा हाय नं हा फोटो," ती माझ्याकडे पाहत म्हणाली. "मले बी राहू दे, बाप्पा. मी हात पदरात दाबून धरतो."

तिने धरले. मग खांदे थरथरले. दुसराही फोटो फराटला. सुनेने तिच्या हातातली मेणबत्ती काढून घेतली आणि तिला स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसवलं. तिसरा फोटो तुम्हाला आला. आधीचे दोन त्याने तिथेच पुसून टाकले.

पावसाळा सरता सरता ती गेली. मी अमरावतीहून पोचले तेव्हा संध्याकाळ होती आणि लाइट गेलेली. उशाशी मेणबत्त्या लावल्या होत्या. हार घालायला फोटो हवा होता, आणि अलीकडचा एकही सापडेना. भाच्याने तोच फोन काढला, काच पुसली, तिच्यासमोर टेकवला, टायमर लावला.

स्क्रीनकडे बघत तो बायकोला म्हणाला, "आता पाह्य. एकदम साफ आला."

तो फोटो मी तुम्हाला पाठवणार नाही.