गावाची ओढ आणि नोकरीची वर्षं

प्रबंधासाठी चाकणच्या कामगारांना मी विचारलं होतं, गावी परतावंसं किती वाटतं? उत्तर एक ते पाच. नोकरीच्या वर्षांशी त्याचा पिअरसन सहसंबंध, म्हणजे दोन्ही किती सोबत वाढतात त्याचा आकडा, मोठा आला. निष्कर्षाच्या प्रकरणात मी ‘मजबूत’ लिहिलं.

मार्गदर्शक बाईंनी आलेखावर बोट ठेवलं. “टोकाचे हे दोन जुने कामगार झाका बघू, त्यांच्यामुळेच आकडा फुगलाय. आणि एक ते पाच या नुसत्या पायऱ्या आहेत. आकड्यांऐवजी क्रम धरून स्पिअरमन सहसंबंध काढा.”

क्रम लावल्यावर संबंध क्षीण निघाला. मी ‘क्षीण’ लिहिलं.

पिंपळे गुरवच्या घरी वडिलांनी विचारलं, “काय निघालं?” इतकी वर्षं इथं नोकरी करूनही लातूरकडच्या गावी परतायचं ते कायम बोलत.

“वर्षं वाढली की ओढ वाढते, असं ठाम म्हणता येत नाही, बाबा.”

“मग माझी कशानं वाढली?”

ते मी कुणालाच विचारलं नव्हतं.